फोन भरलाय, फोटो पुसले आणि आता क्लाउडवरही नाहीत

वैशाली

नमस्कार मंडळी,

आईचा फोन 64 जीबीचा आहे आणि त्यातली 31 जीबी जागा फोटोंनीच व्यापली आहे. नऊ हजारांच्या आसपास फोटो असतील. गुगल फोटोजचा बॅकअप चालू होता, म्हणून बरोबर तीन आठवड्यांपूर्वी मी त्याच अ‍ॅपमधून जुने दोनेक हजार फोटो पुसले. काल लॅपटॉपवर बघायला गेले तर तिथेही नाहीत. बाबांचं शेवटचं वर्ष त्यात आहे. आईला अजून सांगितलेलं नाही. काही करता येईल का?

सतीश

वैशाली, एकदा क्लाउडवर गेलेला फोटो फोनमधून पुसला तरी तिथे राहतोच. तेव्हा तुझं वायफाय बंद असणार, फोटो वर चढलेच नसतील. मी तर नेहमी फोनच्या गॅलरीतून पुसतो, आजवर एकही गेला नाही. माझं ऐकशील तर सगळं एका हार्ड डिस्कवर टाक आणि मोकळी हो.

अरुंधती

वैशाली, बाकीचं नंतर वाच. आधी लॅपटॉपवर photos.google.com उघड आणि डावीकडे Trash मध्ये जा. बॅकअप झालेला फोटो तिथे 60 दिवस राहतो, पण बॅकअप न झालेला फक्त 30 दिवस, आणि तो फोनवरच्या Trash मध्ये असतो. म्हणून दोन्हीकडे बघ. तुझे 21 दिवस गेलेत, म्हणजे काही फोटोंसाठी हातात नऊच दिवस आहेत. जागेसाठी Trash मात्र रिकामं करू नकोस.

सतीशदादा, तुमचं अर्धं बरोबर आहे. तुम्ही वेगळ्या गॅलरी अ‍ॅपमधून पुसता, म्हणून क्लाउडवरची प्रत राहते. गुगल फोटोजच्या आतून पुसलं की फोन आणि क्लाउड दोन्हीकडून जातं. आयक्लाउड फोटोजचंही तसंच, तिथे फोटो Recently Deleted मध्ये 30 दिवस असतो. फोन आणि क्लाउड एकमेकांची नक्कल ठेवतात, इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं.

फोन रिकामा करायचा तर अ‍ॅपमध्ये वर उजवीकडे स्वतःच्या चित्रावर टॅप करून Free up space निवडायचं. ते फक्त वर पोचलेले फोटो फोनमधून काढतं, क्लाउडवरच्यांना हात लावत नाही. पण त्याआधी तिथेच खात्यात किती जागा उरली आहे ते बघ. फुकट मिळणारी 15 जीबी जीमेल आणि ड्राइव्ह मिळून आहे. ती भरली की बॅकअप थांबतो आणि घरात कोणाच्या लक्षातही येत नाही. खात्री करायला अलीकडचा एखादा फोटो उघडून वर सरकव. तपशिलात Backed up दिसलं तरच तो वर आहे.

मोरेश्वर काका

आमच्याकडे कागदी फोटोंचे चार अल्बम आहेत. नातवाने सगळे स्कॅन केले, पण लग्नाचे फोटो आजच्या तारखेला दिसतात, कालच्या फोटोंच्या शेजारी! वैशालीलाही ही अडचण येईल का?

अरुंधती

काका, तिचे फोटो कॅमेऱ्याचे आहेत, त्यांची तारीख फाइलमध्येच असते. तुमच्या स्कॅनना स्कॅनचीच तारीख लागली आहे. अ‍ॅपमध्ये ती बदलता येते, पण तो बदल मूळ फाइलमध्ये लिहिला जात नाही. पुढे गुगल टेकआउटने सगळं उतरवलंत तर बदललेली तारीख शेजारच्या वेगळ्या JSON फाइलमध्ये मिळेल. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंचंही असंच होतं, कारण पाठवतानाच त्यांच्यातली तारीख गळून पडते. म्हणून नातवाला फोल्डरच्या नावातच साल घालायला सांगा. फोल्डर कुठेही हलवला तरी ते नाव सोबत राहतं.

वैशाली

अरुंधतीताई, मिळाले! लॅपटॉपवरच्या Trash मध्ये 1,612 फोटो होते, ते परत आणले. आईच्या फोनच्या Trash मध्ये आणखी 340 होते. खातं खरंच भरलेलं होतं, बॅकअप चार महिन्यांपासून थांबला होता आणि तशी सूचना आईच्या फोनवर पडून होती. आता जागा वाढवून घेतली आहे. नवे फोटो Storage saver या कमी जागा घेणाऱ्या पर्यायात ठेवू का? आईला मोठे प्रिंट कधीच काढायचे नसतात.

अरुंधती

फोनवर बघायला आणि साध्या प्रिंटला ते पुरतं. पण मोठा फोटो 16 मेगापिक्सेलवर आणला जातो आणि ते मागे फिरवता येत नाही. बाबांचे फोटो तरी Original quality मध्येच ठेव, आणि ते आधी लॅपटॉपवर उतरव.

सतीश

आणि तिथून हार्ड डिस्कवर. हे तरी पटतंय ना?

अरुंधती

पटतंय, दादा. फक्त ती एकच प्रत नको. डिस्क जोडल्यावर सर्वांत जुना फोटो, सर्वांत नवा आणि एक व्हिडिओ उघडून बघायचा. फाइलचं नाव दिसतं म्हणजे फाइल उघडेलच असं नाही.

वैशाली

डिस्क आजच मागवते. पुसलेले दोन हजार हा माझा अंदाज होता, त्यामुळे पन्नासेक फोटो गेले की नव्हतेच, हे कळत नाही. मावसभावाकडेही तेव्हाचे काही असतील, त्याला विचारते. आईला मात्र आज सांगते.