‘ऱ्हासात वस्तुमान अक्षय्य राहते’ हे वाक्य बरोबर की चूक?

रानजाई
दहावीच्या मुलांसाठी किरणोत्सारी ऱ्हासावर लिहिलेल्या एका पुस्तिकेचं संपादन करते आहे. त्यात एक वाक्य आहे: ‘अल्फा आणि बीटा ऱ्हासात प्रभार व वस्तुमान अक्षय्य राहतात.’ चार ओळी खाली लेखक म्हणतात, ‘ऱ्हासात घटलेल्या वस्तुमानाचे ऊर्जेत रूपांतर होते.’ वस्तुमान राहतं की घटतं? मला वाटतं पहिल्या वाक्यात ‘वस्तुमानांक’ हवं होतं. आणि ‘ऱ्हास’ ठेवू की ‘क्षय’ करू?

शेषराव
वस्तुमानांक म्हणजे वस्तुमानच, फक्त पूर्णांकात आणलेलं. रेडियमचं २२६, त्यातून रेडॉन २२२ आणि अल्फा, म्हणजे हेलियमचं केंद्रक, ४. बेरीज जुळते. दहावीच्या पातळीला ‘वस्तुमान’ लिहिलं तरी बिघडत नाही. उगाच शब्द वाढवू नका.

धुंडिराज
शेषराव, आकडे तुम्ही बरोबर दिलेत, पण २२६ हा आकडा वस्तुमानाला गोळाबेरीज करून आलेला नाही. ती मोजदाद आहे: केंद्रकातले प्रोटॉन ८८ आणि न्यूट्रॉन १३८. मोजदाद आणि वजन या दोन गोष्टी योगायोगाने जवळ येतात, म्हणून नावात ‘वस्तुमान’ शिरलं आणि तिथूनच हा घोळ सुरू झाला.

रानजाईताई, तुमच्या वाक्यांतला विरोध शब्दांचा नाही, खरोखरचा आहे. रेडियम-२२६च्या एका अणूचं वस्तुमान २२६.०२५४१० एकक, म्हणजे अणुवस्तुमानाच्या एककात. रेडॉन-२२२चं २२२.०१७५७८ आणि हेलियम-४चं ४.००२६०३. या दोघांची बेरीज २२६.०२०१८१. म्हणजे ०.००५२२९ एकक कमी भरलं. एका एककाला ९३१.५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट या दराने ते ४.८७ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट होतात. एका रेडियम अणूच्या एका ऱ्हासात सुटणारी ऊर्जा ती हीच. शेषरावांच्या सल्ल्याप्रमाणे वस्तुमान अक्षय्य धरलं, तर ही ऊर्जा शून्य यायला हवी.

थोडक्यात, मोजदाद तंतोतंत जुळते आणि वजन जुळत नाही. पहिल्या वाक्यात ‘वस्तुमानांक’ हवाच.

कुसुमाग्रणी
‘क्षय’ मात्र करू नका हो ताई. ‘क्षयात अक्षय्य राहणाऱ्या राशी’ असं वाक्य होईल आणि मुलं हसतील. शिवाय माझ्या आजीला क्षय झाला होता, त्यामुळे मला तो शब्द दवाखान्यातलाच वाटतो.

रानजाई
ऱ्हासच ठेवते मग. आता प्रभाराचं बघा. पुढे लेखक लिहितात, ‘ऱ्हासात अणुअंक अक्षय्य राहतो.’ रेडियमचा ८८, रेडॉनचा ८६ आणि हेलियमचा २ असं उदाहरण दिलंय. हे बरोबर ना?

धुंडिराज
अल्फाच्या उदाहरणात ते निभावून जातं, म्हणून जास्त धोक्याचं. अल्फा ऱ्हासात आधीचेच प्रोटॉन दोन ठिकाणी वाटले जातात, त्यामुळे प्रोटॉन मोजा किंवा प्रभार मोजा, उत्तर एकच येतं. बीटा घेतला की फरक कळतो. कार्बन-१४चं नायट्रोजन-१४ होतं. आधी प्रोटॉन ६, नंतर ७. म्हणजे प्रोटॉनांची संख्या टिकली नाही. टिकला तो प्रभार, कारण बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनचा प्रभार उणे १ आहे आणि ७ मधून १ गेला की ६ उरतात. वाक्य असं करा: ‘ऱ्हासाआधीचा एकूण प्रभार आणि ऱ्हासानंतरचा एकूण प्रभार सारखाच असतो.’ ‘एकूण’ हा शब्द गाळू नका.

वस्तुमानांकाचंही इथेच तपासा. आधी १४, नंतर १४, इलेक्ट्रॉनचा शून्य. पण वस्तुमानांक शून्य म्हणजे वस्तुमान शून्य नव्हे. इलेक्ट्रॉनला वस्तुमान आहे. तो प्रोटॉनही नाही आणि न्यूट्रॉनही नाही, म्हणून या मोजदादीत येत नाही एवढंच.

शेषराव
बीटाचं सोपं आहे. न्यूट्रॉन म्हणजे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन एकत्र चिकटलेले. ते सुटले की इलेक्ट्रॉन बाहेर पडतो आणि प्रोटॉन आत राहतो. प्रभार आपोआप जुळतो.

धुंडिराज
प्रभार जुळतो खरा, पण चित्र टिकत नाही. १९३२ मध्ये न्यूट्रॉन सापडण्याआधी ‘केंद्रकात इलेक्ट्रॉन असतात’ हेच मानत होते. पण इलेक्ट्रॉन इतका हलका आहे की त्याला केंद्रकाएवढ्या जागेत कोंडायचं म्हटलं, तर त्याची ऊर्जा दहा-वीस दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टच्याही वर जाते. कार्बन-१४मधून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनकडे एक दशलक्षाचा सहावा हिस्सासुद्धा नसतो. तो आत बसलेला नव्हता, ऱ्हासाच्या क्षणी तयार झाला. म्हणून पुस्तिकेत ‘न्यूट्रॉन फुटतो’ असं असेल तर ‘न्यूट्रॉनचे प्रोटॉनमध्ये रूपांतर होते’ असं करा.

मिहीर_अकरावी
काका, कार्बनचा विषय निघालाच आहे तर विचारतो. मी तुमच्या रीतीने गणित केलं. कार्बन-१४चं १४.००३२४२, नायट्रोजन-१४चं १४.००३०७४, इलेक्ट्रॉनचं ०.०००५४९. कार्बनमधून दोन्ही वजा केले तर उणे ०.०००३८१ येतं. म्हणजे ऊर्जा उणे! मग कार्बन-१४चा ऱ्हास व्हायलाच नको. आकडे दोनदा तपासले, बरोबर आहेत.

धुंडिराज
आकडे बरोबरच आहेत मिहीर, पण इलेक्ट्रॉन दोनदा वजा झालाय. तक्त्यात असतात ती वस्तुमानं अख्ख्या अणूची, भोवतीच्या इलेक्ट्रॉनांसकट. कार्बनच्या अणूत ६ इलेक्ट्रॉन, नायट्रोजनच्या अणूत ७. ऱ्हास झाल्यावर तुझ्याकडे नायट्रोजनचं केंद्रक आहे, भोवती जुने ६ इलेक्ट्रॉन आणि बाहेर पडलेला एक, असे मिळून ७. नायट्रोजनच्या १४.००३०७४ मध्ये हा सातवा आधीच धरलेला आहे. म्हणून नुसतं कार्बन वजा नायट्रोजन कर: ०.०००१६८ एकक, म्हणजे ०.१५६ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट.

रेडियमच्या वेळी हा प्रश्न आला नाही, कारण तिथे ८८ इलेक्ट्रॉन एका बाजूला आणि ८६ व २ दुसऱ्या बाजूला, हिशेब आपोआप फिटतो. पॉझिट्रॉन, म्हणजे धन प्रभाराचा इलेक्ट्रॉन, बाहेर पडत असेल तर उलटं होतं. तिथे अणूंच्या वजाबाकीनंतर आणखी दोन इलेक्ट्रॉनांचं वस्तुमान वजा करावं लागतं. का, ते स्वतः मोजून बघ.

शब्दांच्या दृष्टीने रानजाईताईंसाठी यात एक काम आहे. पुस्तिकेत तक्ता असेल तर त्यावर ‘अणूचे वस्तुमान’ आहे की ‘केंद्रकाचे वस्तुमान’ ते नीट पाहा. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरले की मिहीरसारखीच उणे उत्तरं येणार.

रानजाई
तक्त्यावर नुसतं ‘वस्तुमान’ आहे! दुरुस्त करते. त्याखाली मथळा आहे, ‘अल्फा कणाची ऊर्जा: ४.८७’.

धुंडिराज
तेही बदला. ४.८७ ही ऱ्हासात सुटणारी ऊर्जा. अल्फा कणाची ४.७८. उरलेली ०.०९ रेडॉनकडे जाते, कारण अल्फा एका दिशेला सुटला की रेडॉन उलट दिशेला मागे ढकलला जातो. जो हलका त्याला जास्त वाटा, म्हणून अल्फाला २२६ पैकी २२२ भाग आणि रेडॉनला ४. रेडियमच्या शंभरातल्या सहाएक ऱ्हासांत अल्फा ४.६० घेऊन निघतो आणि उरलेली ऊर्जा बहुतेक वेळा गॅमा किरणातून बाहेर पडते. एकूण बेरीज तीच.

बीटाच्या बाबतीत ‘कणाची ऊर्जा’ हा शब्दप्रयोग आणखी फसवा. कार्बन-१४चे इलेक्ट्रॉन शून्यापासून ०.१५६ पर्यंत वाटेल त्या ऊर्जेने निघतात, सरासरी ०.०४९च्या आसपास. तिथे ‘कमाल ऊर्जा’ म्हणा. यावरून एकेकाळी मोठा पेच पडला होता. १९२७ मध्ये एलिस आणि वूस्टर यांनी बिस्मथ-२१०च्या ऱ्हासात तयार होणारी उष्णता उष्णतामापीत मोजली. इलेक्ट्रॉनांची कमाल ऊर्जा १ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टच्या थोडी वर, पण उष्णतेवरून दर ऱ्हासाला ०.३५च निघाली. बाकीची कुठे गेली? ऊर्जा अक्षय्यतेचा नियमच सोडावा काय, इथपर्यंत चर्चा गेली. १९३० मध्ये पाउली यांनी सुचवलं की प्रभार नसलेला आणखी एक कण ती घेऊन जात असावा. तो प्रत्यक्ष सापडायला १९५६ उजाडलं. त्याचा प्रभार शून्य, वस्तुमानांक शून्य, म्हणून बेरजा जुळवताना तो नसला तरी काही अडत नाही. ऊर्जेच्या हिशेबातच त्याची उणीव दिसली.

कुसुमाग्रणी
मला एक कळेना. माझ्याकडच्या जुन्या पुस्तकात ‘एक ग्रॅम रेडियम तासाला सुमारे १०० कॅलरी उष्णता देते’ असं आहे. एक ग्रॅममध्ये सेकंदाला सुमारे ३,७०० कोटी ऱ्हास. मी ४.८७ने गुणलं तर तासाला २५ कॅलरीच येतात. चौपट फरक कसा?

धुंडिराज
तुमचं गणित चोख आहे. फरक ‘रेडियम’ या शब्दात आहे. ती मोजणी १९०३ मध्ये पिएर क्युरी आणि लाबोर्द यांनी केली. त्यांच्या नमुन्यात रेडियमपासून झालेला रेडॉनही होता आणि त्यानंतरचे अल्पायुषी पोलोनियमही. शुद्ध रेडियम बंद करून ठेवलं की महिनाभरात एकेका रेडियम अणूमागे पुढचे ऱ्हासही त्याच गतीने होऊ लागतात. त्यांतल्या अल्फा ऱ्हासांचे ५.५९, ६.११ आणि ७.८३. आपले ४.८७ मिळवले की साधारण २४.४. म्हणून ‘एका ऱ्हासाची ऊर्जा’ आणि ‘रेडियमची उष्णता’ एकाच परिच्छेदात आली तर कोणती कुठली ते सांगायलाच हवं.

शेषराव
मग २४.४ने तासाला सव्वाशे येतील. शंभर का?

धुंडिराज
प्रश्न रास्त आहे, आणि बीटा धरले तर सव्वाशेच्याही वर जाईल. रेडॉन वायू आहे, नमुना पुरेसा बंद नसेल तर तो निसटतो, हे एक कारण असू शकतं. त्यांचा नमुना नेमका कसा होता ते पाहिल्याशिवाय यापुढे बोलणार नाही.

रानजाई
शेवटचं विचारते. ‘वस्तुमानांक’ हाच शब्द घोळाचं मूळ असेल तर तो काढून ‘न्यूक्लिऑनसंख्या’ करू का? त्यात ‘वस्तुमान’ येतच नाही.

धुंडिराज
माझं मत करा असंच. संख्या टिकते, हे शब्दातच दिसेल.

शेषराव
आणि परीक्षेत ‘वस्तुमानांक’ आला की मुलांनी काय करायचं? पाठ्यपुस्तकातला शब्द ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे ‘म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची एकूण संख्या’ एवढं जोडा. आणि ‘घटलेल्या वस्तुमानाचे रूपांतर’ हेही मला पटत नाही. सगळं एका बंद डब्यात ठेवलं, उष्णता बाहेर जाऊ दिली नाही, तर डब्याचं वजन घटेल का?

धुंडिराज
नाही घटणार. उष्णता बाहेर गेली तरच घटेल, तेवढंच. मुद्दा खरा आहे शेषराव, पण दहावीच्या पुस्तिकेत तो एका वाक्यात कसा मांडायचा ते मला अजून सुचलेलं नाही.

रानजाई
‘ऱ्हासानंतरच्या अणूंच्या वस्तुमानांची बेरीज आधीच्यापेक्षा कमी भरते आणि तेवढी ऊर्जा कणांच्या गतीच्या रूपात दिसते’ असं सध्या लिहून ठेवलंय. गॅमाचं काय करायचं ते बघते.