अर्धशिशीसाठी मॅग्नेशियम आणि बी-२: दोन महिन्यांत काहीच फरक नाही, मदत हवी आहे

मैत्रेयी_नाशिक

नमस्कार. वय ३९, इंदिरानगरला राहते, शाळेत शिकवते. पंधरा वर्षांपासून अर्धशिशी आहे. डावीकडे ठणका लागतो, मळमळतं, उजेड सोसत नाही. महिन्यातले आठ-नऊ दिवस असे जातात. मेंदूविकारतज्ज्ञांनी तपासूनच निदान केलंय. झटके टाळण्यासाठीचं प्रोप्रानोलॉल दमा असल्यामुळे देता येत नाही म्हणाले. अमिट्रिप्टिलीन घेतली तेव्हा सकाळच्या शाळेला उठवेना. मग त्यांनी मॅग्नेशियम आणि बी-२ तीन महिने घेऊन बघायला सांगितलं. डोस किती ते विचारायचं माझ्याकडूनच राहिलं.

डबीवर 'मॅग्नेशियम ग्लायसिनेट १००० मिग्रॅ' लिहिलंय. हजार म्हणजे फार वाटलं म्हणून रोज अर्धी गोळी घेते. बी-२ साठी घरात होती तीच बी-कॉम्प्लेक्स. सकाळी थायरॉइडच्या गोळीबरोबर सगळं एकदमच घेऊन टाकते, नाहीतर विसरायला होतं. आठ आठवडे झाले, डोकेदुखी तेवढीच. वर लघवी हळदीसारखी पिवळी होते, त्याची भीती वाटते. बंद करू का?

पंचवटीकर

ताई, हे सगळं पित्त आहे. उलटी झाली की डोकं उतरतं ना? मग. उन्हातून फिरणं आणि सकाळी उपाशीपोटी चहा बंद करा.

मैत्रेयी_नाशिक

काका, उलटीनंतर कधी कधी उतरतं, खरंय. चहा सोडून सहा महिने झाले, त्याने दिवस कमी झाले नाहीत.

सुहास_औषधालय

मी गेली बावीस वर्षं नाशिकरोडला औषधाचं दुकान चालवतो. काही सांगण्याआधी दोन गोष्टी कळवा. डबीच्या मागे बारीक अक्षरात 'एलिमेंटल मॅग्नेशियम' किती लिहिलंय? आणि महिन्यातून किती दिवस वेदनाशामक घेता? गोळ्या नकोत, दिवस मोजा.

राजश्री_सिडको

मला मॅग्नेशियमचा खूप उपयोग झाला! रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे, आठवड्यात थांबले. तुम्ही रात्री घेऊन बघा, झोपही छान लागते.

मैत्रेयी_नाशिक

राजश्रीताई, मला गोळे येत नाहीत, डोक्याचंच दुखणं आहे.
सुहासदादा, मागे 'प्रति गोळी एलिमेंटल मॅग्नेशियम १४० मिग्रॅ' आहे. बी-कॉम्प्लेक्समध्ये रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२, १० मिग्रॅ. पॅरासिटामॉल आणि कॅफिनची एकत्र गोळी घेते. कॅलेंडरवर मोजलं तर मागच्या महिन्यात १३ दिवस. दुखेल अशी शंका आली की तासाआधीच घेते, वर्ग बुडवता येत नाही.

सुहास_औषधालय

मग तुमचा प्रयोग अजून सुरूच झालेला नाही.

डबीवरचे हजार हे ग्लायसिनेट या क्षाराचं वजन. त्यात मॅग्नेशियम साधारण सातवा हिस्सा, बाकी ग्लायसिन. अर्ध्या गोळीतून तुमच्या पोटात ७० मिग्रॅ गेलं. १९९६ मध्ये जर्मनीत ज्या चाचणीत फायदा दिसला तिच्यात रोज ६०० मिग्रॅ मॅग्नेशियम दिलं होतं, बारा आठवडे. शेवटच्या महिन्यात झटके मॅग्नेशियमवाल्या गटात सुमारे ४२ टक्क्यांनी घटले, नकली गोळीवाल्यांत १६ टक्क्यांनी. बी-२ ची चाचणी १९९८ ची, रोज ४०० मिग्रॅ, तीन महिने, फक्त ५५ जण. त्यात ५९ टक्के लोकांचा त्रास निम्म्याने तरी कमी झाला, नकली गोळीवर १५ टक्के. तुम्ही घेताय त्याचा चाळीसपट डोस तो. पिवळी लघवी ही बी-२ चीच, जास्तीचं बाहेर पडतं. घाबरू नका.

थायरॉइडची गोळी मात्र उद्यापासूनच वेगळी घ्या. मॅग्नेशियम तिला आतड्यात धरून ठेवतं, ती नीट शोषली जात नाही. चार तासांचं अंतर हवं.

मंदार_के

एकच बाजू सांगू नका. १९९६ सालच्याच दुसऱ्या चाचणीत मॅग्नेशियमने काहीही फरक पडला नव्हता. आणि आधी रक्तातलं मॅग्नेशियम तपासा. नॉर्मल असेल तर गोळ्या म्हणजे पैसे पाण्यात.

सुहास_औषधालय

पहिला मुद्दा बरोबर आहे. त्या चाचणीत क्षार वेगळा होता, डोस थोडा कमी होता, पण निकाल नकारात्मकच. २००४ च्या एका चाचणीत मॅग्नेशियम, बी-२ आणि फीव्हरफ्यू ही वनस्पती एकत्र दिली, तर नकली गटापेक्षा सरस ठरलं नाही. गंमत अशी की त्या नकली गोळीतही २५ मिग्रॅ बी-२ होतं आणि दोन्ही गटांत बेचाळीस-चव्वेचाळीस टक्के लोकांना बरं वाटलं. म्हणून हमी कुणी देऊ नये.

रक्ततपासणीचं मात्र पटत नाही. शरीरातलं मॅग्नेशियम हाडांत आणि पेशींत असतं, रक्तात एक टक्काही नाही. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून कमतरता नाही असं ठरत नाही. क्रिएटिनिन तपासलेलं बरं. मूत्रपिंड कमजोर असेल तर मॅग्नेशियम साठत जातं आणि ते धोक्याचं असतं.

वैशाली_गंगापूररोड

मी स्वस्त म्हणून मॅग्नेशियम ऑक्साइड घेतलं, ४०० मिग्रॅ एकदम. तीन दिवस जुलाब. बहिणीने परदेशातून बटरबर या वनस्पतीच्या कॅप्सूल आणल्यात, त्या पाठवू का मैत्रेयी?

सुहास_औषधालय

वैशालीताई, बटरबर घेऊ नका आणि कुणाला देऊही नका. २०१२ मध्ये अमेरिकेच्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेने त्याला सगळ्यात वरची श्रेणी दिली होती. पुढे यकृताला इजा झाल्याचं समोर आलं आणि ती शिफारस मागे घेतली गेली.

मॅग्नेशियमचे जुलाब ६०० मिग्रॅच्या त्या जर्मन चाचणीतही पाचातल्या जवळपास एकाला झाले होते. ऑक्साइड फार कमी शोषलं जातं, उरलेलं आतड्यात पाणी ओढतं. मैत्रेयीताई, आठवडाभर रात्री जेवणानंतर एक पूर्ण गोळी घ्या, मग दुपारची वाढवा. २८० मिग्रॅ होतील. शौच पातळ झालं तर एक पायरी मागे. त्याहून वर जायचं का ते तुमच्या डॉक्टरांना विचारूनच. बी-२ ची वेगळी १०० मिग्रॅची गोळी मिळते, तिचंही त्यांच्याकडून लिहून घ्या.

सगळ्यात जास्त काळजी मला त्या १३ दिवसांची वाटते. अशी मिश्र गोळी महिन्यात दहा किंवा जास्त दिवस, सलग तीन महिने घेतली की औषधच डोकेदुखी ओढून आणू शकतं. तसं झालं असेल तर वरून कितीही मॅग्नेशियम घाला, उपयोग दिसणार नाही.

मैत्रेयी_नाशिक (चौदा आठवड्यांनंतर)

उशिरा लिहितेय, पण वही भरूनच यायचं ठरवलं होतं. डॉक्टरांनी क्रिएटिनिन बघून रात्री दोन, दुपारी एक अशा तीन गोळ्या सांगितल्या, म्हणजे ४२० मिग्रॅ. पाचव्या आठवड्यात पोट बिघडलं म्हणून दोनवर आले, आता तिथेच आहे. बी-२ ४०० मिग्रॅ. वेदनाशामक दुखणं खरंच सुरू झाल्यावरच घेते, आधी नाही. सुरुवातीचे दहा दिवस फार वाईट गेले, दोन दिवस रजा काढावी लागली.

पहिल्या महिन्यात डोकेदुखीचे ९ दिवस, दुसऱ्यात ७, तिसऱ्यात ५. वेदनाशामकाचे १३ वरून ६. थायरॉइडचा टीएसएच आधी ७.२ होता आणि डोस वाढवायचं चाललं होतं, तो डोस न वाढवता ३.४ वर आला.

मंदार_के

अभिनंदन. पण यात मॅग्नेशियमचा वाटा किती? वेदनाशामक कमी केल्यानेही हेच झालं असतं.

मैत्रेयी_नाशिक

खरंय, मला सांगता येणार नाही. सगळं एकदम बदललं. डॉक्टर म्हणतात आणखी तीन महिने असंच चालू ठेवू, मग बी-२ तसंच ठेवून फक्त मॅग्नेशियम थांबवून बघू. तेव्हा मेचं ऊन असेल, म्हणून मी पावसाळ्यापर्यंत थांबू का असं त्यांना विचारलंय.

सुहास_औषधालय

पावसाळ्यातच थांबवा. नाहीतर दिवस वाढले तर ते उन्हाने की गोळी बंद केल्याने, हे कळणार नाही. तोवर वही चालू ठेवा, आणि पाळीच्या तारखाही तिच्यात लिहा.