उत्तर: वार्षिक अहवालातला तो पॅरा

‘"आमच्या अथक परिश्रमांमुळे तालुक्यातल्या शेकडो मुलांच्या आयुष्यात क्रांतिकारी बदल घडला" हे डोनरसाठी साधं कसं लिहू?’

आधी हजेरीपुस्तकं काढा. ‘शेकडो’ बहुतेक वेळा असे होतात की जूनच्या वर्गातलं मूल दिवाळीच्या शिबिरातही मोजलं जातं आणि बालमेळाव्यातही, म्हणून नावं जुळवून एक मूल एकदाच धरा. ‘अथक परिश्रम’च्या जागी किती ताई, आठवड्यात किती दिवस, रोज किती वेळ, एवढंच पुरतं.

बदलाचं म्हणाल तर मोजलंय तेवढंच लिहा. ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणातली वाचन चाचणी घेत असाल (अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट) तर समजा असं होईल:

"जूनमध्ये ११२ मुलं दाखल झाली, ८४ मार्चपर्यंत टिकली. या ८४ पैकी गोष्ट वाचू शकणारी जूनमध्ये १५ होती, मार्चमध्ये ४२. चाचणी आमच्याच ताईंनी घेतली. सोडून गेलेल्या २८ पैकी बरीच ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातली होती. मुलं शाळेतही जातात, त्यामुळे सगळी प्रगती आमच्या वर्गांमुळेच झाली असं आम्ही म्हणत नाही."

इथे एक जपा, जूनचा आकडा ११२ मधला आणि मार्चचा ८४ मधला असा घेऊ नका, कच्ची मुलं गळाली की टक्केवारी आपोआप वाढते आणि कुणी काही न शिकताही प्रगती दिसते. दोन्ही वेळा तीच ८४ मुलं हवीत. आणि त्या २८ मुलांचं वाक्य कमिटीतलं कुणी ना कुणी काढायला सांगेलच, ते अजिबात काढू नका, पुढच्या वर्षी हंगामी वसतिगृहासाठी पैसे मागायचे असतील तर खरा आधार त्याच वाक्याचा आहे.