प्रतिसाद: नवा राउटर आणि रुसलेला कन्सोल

> "राउटर बदलल्यापासून कन्सोलला नेटवर्क दिसतं, पण पासवर्ड बरोबर टाकूनही जोडत नाही. फोन मात्र लगेच जोडला जातो."

नाव यादीत दिसतंय, म्हणजे ते लपवलेलं नाही. माझा संशय सुरक्षेच्या प्रकारावर आहे. नवे राउटर कधीकधी WPA3 वरच लावलेले येतात. जुन्या कन्सोलला तो कळत नाही आणि तो खापर पासवर्डवर फोडतो. माझ्याकडे हेच झालं होतं. एकच पासवर्ड मी वेड्यासारखा सहा वेळा टाकला!

आधी खात्री करा. राउटरवर गेस्ट नेटवर्क सुरू करा, पासवर्ड अगदी तोच ठेवा, सुरक्षा फक्त WPA2 आणि बँड २.४ गिगाहर्ट्झ. कन्सोल जोडला गेला, तर पासवर्ड निर्दोष. मग मुख्य नेटवर्क WPA2/WPA3 मिश्र करा आणि PMF हा पर्याय दिसला तर Required ऐवजी Capable निवडा. तरीही अडलं तर सरळ WPA2 AES. TKIP नको, वेग पडतो.

गेस्टवरही नकार आला, तरच पासवर्ड बदलून बघा: फक्त इंग्रजी अक्षरं आणि आकडे, किमान आठ. स्पेस किंवा देवनागरी अक्षर असेल तर आधी तेच काढा.