कुंडलिनी जागी झालीय, खाली कशी आणायची? अर्जंट मदत हवी आहे

मुलुंडकर३४
नमस्कार मंडळी, थोडक्यात लिहितो कारण एका जागी बसवत नाहीये. गेले काही दिवस कण्यातून गरम वाफ वर सरकल्यासारखं होतंय, नजर बाजूला फिरवली की डोक्यात करंट बसतो, आणि डोळा लागायच्या अगदी त्या क्षणाला अख्खं अंग उडतं. झोप दोन तास, फार तर अडीच. हे काय आहे ते मला माहितीये, त्यामुळे प्लीज 'डॉक्टरला दाखव' नको. मुलुंड-ठाण्याकडे या आठवड्यात भेटेल असा जाणता गुरू सुचवा जो शक्ती खाली उतरवून देईल. दादरपर्यंतही चालेल.

गिरणगावचा बंड्या
मे महिन्यात मुलुंडला सगळ्यांच्याच कण्यातून वाफ निघते रे. एसी आहे का घरी?

ग्रहबळ
कुंडली बिघडलेली असताना गुरू शोधून उपयोग नाही. जन्मतारीख, वेळ आणि गाव पाठवा. लक्षणांवरून अष्टमात मंगळ वाटतोय.

मुलुंडकर३४
ग्रहबळ, कुंडलिनी लिहिलंय, कुंडली नाही. बंड्या, तुला मस्करी सुचतेय, इथे पाच रात्री धड झोपलेलो नाही.

नाथांचा दास
घाबरू नका. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय काढा, मूळबंध लागल्यावर शक्ती उठते, अंगातले धातू पिऊन टाकते, दाह होतो, सगळं माउलींनी लिहून ठेवलंय. तुमची लक्षणं शंभर टक्के तीच आहेत. सोडू नका, आत्ता सोडलंत तर अर्धवट राहील. कपाळाला चंदन लावा, नारळपाणी प्या.

शारदा, दादर
दास काका, जरा थांबा. मुलुंडकर, तू करतोयस काय ते कुठेच लिहिलं नाहीस. कुठलं प्राणायाम, किती आवर्तनं, कुंभक किती, दिवसातून कितीदा, कुणाकडून शिकलास, जेवतोस काय? एवढं सांग, मग बोलू. मी बावीस वर्षं शिकवतेय, अशी उष्णतेची तक्रार घेऊन दरवर्षी दोघं-तिघं येतात आणि प्रत्येकाची गोष्ट वेगळी निघते.

मुलुंडकर३४
व्हिडिओ बघून शिकलो, चाळीस दिवसांचा संकल्प होता, आज तेविसावा. पहाटे चारला थंड पाण्याने आंघोळ, मग भस्त्रिका शंभरचे तीन राउंड, मग मूळबंध लावून कुंभक १६-६४-३२, म्हणजे सोळा मोजत श्वास घ्यायचा, चौसष्ट धरायचा, बत्तीस मोजत सोडायचा, दहा आवर्तनं. हेच परत रात्री अकराला. जेवण एकदाच दुपारी, रात्री फळं. यात चूक काय आहे? सगळं शास्त्रात आहे.

शारदा, दादर
शास्त्रात आहे म्हणतोस तर हठयोगाचा जो मूळ ग्रंथ, त्या हठप्रदीपिकेतलंच सांगते. सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू माणसाळवतात तसा वायू हळूहळू ताब्यात घ्यायचा, नाहीतर तो साधकालाच मारतो, असं दुसऱ्या उपदेशात, म्हणजे अध्यायात, स्पष्ट लिहिलंय. त्याच्या पुढेच, चुकीच्या अभ्यासाने काय होतं ते आहे: उचकी, दमा, खोकला, डोकं, कान, डोळे दुखणं. म्हणजे 'गुरूशिवाय करू नका' हे नुसतं भीती घालणं नाही, काय बिघडतं ते त्यांनी बघून लिहिलंय.

आता तुझा हिशोब. ६४ चा कुंभक तू पहिल्या दिवसापासून धरलास ना? मला तिथवर यायला चार वर्षं लागली आणि मग मी तो सोडूनच दिला. त्या ग्रंथात आधी तीन महिने नुसतं नाडीशोधन सांगितलंय. आणि गंमत म्हणजे ज्या दोन गोष्टी तू तपश्चर्या म्हणून करतोयस, पहाटेची आंघोळ आणि उपास, त्या दोन्ही तिथे टाळायला सांगितल्यात. सुरुवातीच्या काळात दूध-तूप खा म्हटलंय. तू करतोयस बरोब्बर उलटं.

कोपरखैरणेचा विन्या
मॅडम पण त्याच ग्रंथात दिवसातून चार वेळा, मध्यरात्रीसुद्धा, ऐंशी कुंभकांपर्यंत करा असं आहे. मग रात्री अकराला केलं तर बिघडलं कुठे? सोयीचं तेवढंच सांगायचं का?

शारदा, दादर
आहे ना, नाही कशाला म्हणू. पण तिथेही 'शनैः' हाच शब्द आहे, ऐंशीपर्यंत हळूहळू जायचं. आणि ते ज्याच्यासाठी लिहिलंय तो माणूस छोट्याशा मठीत एकटा राहतो, वेळेवर जेवतो, त्याला दुसरं काम नाही. मुलुंडकर सकाळी लोकलला लोंबकळतो. त्याने रात्री अकराला तीनशे भस्त्रिका मारल्या तर झोप येईलच कशी, तो श्वास जागं करायलाच असतो.

आणखी एक. भस्त्रिका जोरात केली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड खाली जातो, ओठ-बोटं मुंग्यावतात, कधी हाताची बोटं वाकडी होऊन आखडतात. लोक त्यालाच शक्ती म्हणतात. पण साधा श्वास घेतला की दहा-पंधरा मिनिटांत ते ओसरतं. तुझा करंट दिवसभर, ऑफिसातसुद्धा येतो का? येत असेल तर ते भस्त्रिकेचं नाही.

नाथांचा दास
म्हणजे दिवसभर येतो तेव्हा तर खरी जागृतीच ना. तुम्ही आजकालचे योगवाले सगळं गॅसवर नेऊन ठेवता. गोपीकृष्णांचं काय झालं? काश्मिरी माणूस, गुरू नव्हता, १९३७ साली जम्मूत ध्यानाला बसलेला असताना झालं. खरंच झालं ना?

कोपरखैरणेचा विन्या
झालं, आणि त्यानंतर काही वर्षं तो माणूस जळत होता, झोप नाही, अन्न नको, वेड लागेल अशी धास्ती. साधूंना विचारत फिरला, धड सांगणारा कुणी भेटेना. आणि त्याने सतरा वर्षं ध्यान केलं होतं काका, तेवीस दिवस व्हिडिओ बघून नाही.

नाथांचा दास
म्हणूनच म्हणतो शक्तिपात घ्यावा. त्यात शिष्याने बंध-कुंभक ओढायचेच नसतात, दीक्षा मिळाली की क्रिया आपोआप होतात आणि गुरूचं लक्ष असतं. माझ्या ओळखीत एक जण ऑनलाइन देतात, ५१०० रुपये, फोटोवरून.

गिरणगावचा बंड्या
घ्या, आलं दुकान. गुरूचं लक्ष फोटोवरून असतं होय? आमच्या चाळीतल्या एकाला असाच ऑनलाइन गुरू भेटला होता, पैसे गेल्यावर ब्लॉक.

सिस्टर परळ
मी मानसोपचार वॉर्डात नोकरी केलेली आहे, आता रिटायर्ड. योगातलं मला कळत नाही, त्यात पडत नाही. मुलुंडकर, तीन प्रश्न, खरी उत्तरं द्या. कुठली गोळी चालू होती आणि मधेच बंद केलीत का? झोप दोन तास होऊनही थकवा न येता उलट जोरच वाटतोय का? घरच्यांनी तुमच्यात काय बदल बघितला?

मुलुंडकर३४
याचा काय संबंध? पण ठीक आहे. डिप्रेशनची गोळी होती, दोन वर्षं. व्हिडिओत म्हणाले औषध चालू असेल तर नाड्या शुद्ध होत नाहीत, म्हणून बंद केली. संकल्पाच्या बाराव्या दिवशी, एकदम. थकवा खरंच नाही. बायको म्हणते फार भरभर बोलतोस. परवा पहाटे तीनला राजीनाम्याचा मेल लिहिला, पाठवला नाहीये, ड्राफ्टमध्ये आहे. आणि अठरा हजारांचे रुद्राक्ष मागवलेत ते तिला अजून सांगितलं नाही.

सिस्टर परळ
आणि करंट कधी सुरू झाला, तारखेने सांगा.

मुलुंडकर३४
डायरीत बघून लिहितो. उष्णता आठव्या दिवसापासून. करंट पंधराव्या दिवशी. झोप अठराव्यापासून गेली.

सिस्टर परळ
बाराव्याला गोळी सोडली, पंधराव्याला करंट. डिप्रेशनच्या बऱ्याच गोळ्या एकदम सोडल्या की दोन-चार दिवसांत डोक्यात असे शॉक बसतात, नजर फिरवली की जास्त. वॉर्डात पेशंट अगदी याच शब्दांत सांगायचे, मुंडी हलवून दाखवायचे. त्यांच्यातल्या कुणी भस्त्रिका केली नव्हती.

पण मला जास्त काळजी दुसऱ्याची आहे. झोप नाही तरी थकवा नाही, भरभर बोलणं, खर्च, रात्री तीनला राजीनामा, हे एकत्र आलं की थांबायचं नसतं. मी निदान करत नाही, ते डॉक्टरांचं काम. ज्यांनी गोळी दिली होती त्यांना उद्या फोन करा, बायकोला बरोबर न्या, आणि जुनी गोळी आपल्या मनाने पूर्ण डोसने परत सुरू करू नका, या अवस्थेत कधी कधी तिच्यानेच वाढतं. ते भेटले नाहीत तर केईएम, सायन, नायर, कुठल्याही मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत जा. रात्री फारच वाटलं तर १४४१६ लावा, टेलिमानस, चोवीस तास असतं. आवाज ऐकू येऊ लागले किंवा जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं तर फोन करत बसू नका, थेट कॅज्युअल्टीत. ड्राफ्टमधला मेल बायकोच्या हाताने डिलीट करून घ्या.

नाथांचा दास
सगळ्या साधकांना वेडं ठरवायचं एवढंच उरलंय. माउलींनाही गोळी दिली असती तुम्ही.

शारदा, दादर
काका, सहाव्याच अध्यायात कुंडलिनीचं वर्णन संपल्यावर अर्जुन घाबरून विचारतो की हे कुणालाही जमतं का, की लायकी लागते. आणि पुढे मूळ गीतेत उत्तर येतं, फार खाणाऱ्याला नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही, फार झोपणाऱ्याला नाही आणि जागत बसणाऱ्यालाही नाही. तुम्ही वाफेपाशी पुस्तक मिटलंत.

मुलुंडकर, आजपासून भस्त्रिका, कुंभक, बंध, सगळं बंद. ध्यानालाही बसू नकोस, डोळे मिटून कण्यात काय चाललंय ते बघत बसलास की ते वाढतं. दोन वेळा वरण-भात-तूप, आंघोळ कोमट, संध्याकाळी अर्धा तास चालणं. गुरू आत्ता शोधू नकोस. या अवस्थेत तुला जो भेटेल त्याच्या पायावर डोकं ठेवशील.

ग्रहबळ
जन्मवेळ अजून आली नाही.

मुलुंडकर३४
दहा दिवसांनी लिहितोय. सिस्टर, तुमच्यावर चिडून दोन दिवस गेलो नव्हतो, मग बायकोनेच नेलं. डॉक्टरांनी घरात कुणाला असं झालंय का विचारलं, माझ्या मामाचं सांगितलं तेव्हा त्यांनी जुनी गोळी न देता वेगळं औषध लिहिलं, गुरुवारी परत बोलावलंय. झोप पाच तासांवर आलीय. करंट खूपच कमी. रुद्राक्षवाला पैसे परत देत नाहीये. पाठीतली उष्णता मात्र अधूनमधून आहेच, डॉक्टर म्हणाले बघू.

एक विचारायचंय, शारदाताई. अकराव्या दिवशी, म्हणजे गोळी सोडायच्या आधी, पहाटेच्या बैठकीनंतर वीसेक मिनिटं सगळं एकदम गप्प झालं होतं. बाहेर दूधवाल्याच्या क्रेट आपटत होत्या, मला त्या ऐकू येत होत्या पण मधे मी नव्हतो. ती वेळ पण आजारातच धरायची का?

नाथांचा दास
बघा! मी काय म्हणत होतो.

शारदा, दादर
ते मला सांगता येणार नाही रे. तेव्हा तुझी गोळी चालू होती, झोपही होती, म्हणून मी ते बाकीच्यात मिसळणार नाही, पण ते काय होतं याला नाव द्यायला माझी तयारी नाही. डायरीत तारखेसकट आहे तसं लिहून ठेव. गुरुवारी डॉक्टरांना तेही सांग, लपवू नकोस.