डब्याचा दर वाढवण्यापूर्वी : आपल्या सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

बी-३०२ (डबा देणाऱ्या ताई): नमस्कार. आपल्या सोसायटीत मी रोज २० डबे देते. डब्यात तीन पोळ्या, भाजी, आमटी, भात आणि कोशिंबीर असते आणि दर ८० रुपये आहे. गेल्या आठवड्यात सहा दिवसांत १२० डब्यांसाठी कच्च्या मालालाच ४,९२० रुपये लागले, म्हणजे डब्यामागे ४१ रुपये. गॅस, डबे भरण्याचा खर्च आणि पोळ्या लाटायला येणाऱ्या मावशींचे पैसे धरून डब्यामागे आणखी १८ रुपये जातात. पहाटे पाचपासून राबून हाती २१ रुपये उरतात, म्हणून दर ९५ करावा लागेल असे मला वाटते. मात्र ठरवण्यापूर्वी आपणा सर्वांचे मत हवे आहे. तीच तीच भाजी येते अशी तक्रारही दोघांनी केली आहे. ती मला मान्य आहे.

ए-१०४ (काका): ताई, दर वाढवण्याआधी हे ४,९२० रुपये नेमके कुठे गेले ते पाहू. आपण काल वही दाखवलीत, तिच्यावरून मी मांडणी केली. पोळी, भात, आमटीची डाळ, तेल, मसाला आणि कोशिंबीर हा भाग रोज जवळजवळ सारखाच असतो आणि तो डब्यामागे २० रुपयांत बसतो, म्हणजे आठवड्याला २,४००. तेथे काटछाट करू नये, कारण जेवणाऱ्याचे पोट त्यावरच भरते. भाजीला १,६५० रुपये गेले. रोज सरासरी तीन डबे जास्तीचे शिजले, त्यांचे सुमारे ६१० झाले, आणि फ्रीजमध्ये पडून वाया गेलेल्या मालाचे २६०. म्हणजे कोणाच्याही ताटात न गेलेले अन्नच ८७० रुपयांचे आहे.

डी-२०३ (काकू): मी बारा वर्षे विद्यार्थ्यांची खानावळ चालवली, म्हणून भाजीविषयी थोडे लिहिते. मंडईत किलोचा जो भाव विचारतो तो आपल्या हिशोबाचा भाव नव्हे; निवडून, सोलून पातेल्यात जे पडते त्याचा भाव धरावा. पन्नास रुपये किलोचा फ्लॉवर पाने आणि जाड दांडा काढल्यावर किलोला साधारण ६०० ग्रॅम उरतो, म्हणजे तो ८० रुपयांच्या पुढे गेला. तीस रुपयांच्या कोबीचे फारसे काही जात नाही, तो ३५ रुपयांनाच पडतो. मेथीच्या बाबतीत तर आपण सगळ्या फसतो. जुडी २० रुपयांची. निवडल्यावर पाने जेमतेम १४० ते १५० ग्रॅम. ताईंनी सोमवारी १४ जुड्या निवडल्या, म्हणजे डब्यामागे १४ रुपये झाले, आणि शिजून ती भाजी इतकी बसली की वाटी अर्धीही भरली नाही. तीच मेथी सहा जुड्या आणि दीड किलो बटाटा अशी केली, तर डब्यामागे आठ रुपयांत वाटी भरते, आणि मेथीचा स्वाद कुठेही कमी होत नाही.

एक वजनकाटा ओट्यावर ठेवावा आणि प्रत्येक भाजी आणल्यावर एकदा, निवडल्यावर एकदा तोलावी. दोन आठवड्यांत आपल्या मंडईतल्या मालाचा आपलाच कोष्टक तयार होतो. माझे आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत, कारण हंगामाप्रमाणे ते बदलतात.

सी-५०१ (वहिनी): काकू, स्वस्त भाज्याच घेतल्या तर आठवडाभर कोबी आणि बटाटाच खावा लागेल ना? आमच्या मुलाला पनीर आवडते, आणि महिन्यातून चार वेळा तरी काही वेगळे असावे अशी अपेक्षा आहे.

डी-२०३ (काकू): वहिनी, पनीर नक्की देता येईल, मात्र त्यासाठी जागा करावी लागते. पनीर-मटारची भाजी डब्यामागे २४ रुपयांना जाते. दुसऱ्या दिवशी पिठले, ज्वारीची भाकरी आणि ठेचा दिला, तर भाजीची किंमत सहा रुपये होते आणि त्या दिवशी आमटीही लागत नाही. सोमवारी मेथी-बटाटा आठ, मंगळवारी मटकीची उसळ आठ, बुधवारी फ्लॉवर-बटाटा नऊ, गुरुवारी हरभऱ्याची डाळ घालून कोबी पाच, शुक्रवारी पनीर २४, शनिवारी पिठले सहा. बेरीज ६० झाली, म्हणजे सरासरी दहा रुपये. रोज दहाच्या आत बसवण्याचा हट्ट धरला असता तर पनीर कधीच आले नसते. हिशोब दिवसाचा न धरता आठवड्याचा धरावा.

वैविध्य येण्यासाठी भाज्यांची संख्या वाढवायची गरज नसते. उलट दहा प्रकारची भाजी थोडी थोडी आणली की प्रत्येकीचा उरलेला पाव किलो फ्रीजमध्ये सुकतो. पाच-सहा भाज्या घ्याव्यात आणि करण्याची पद्धत बदलावी. मुळा मंगळवारी कोशिंबिरीला, त्याचा पाला बुधवारी पीठ पेरून डब्यात थोडा तोंडीलावणे म्हणून. दोडका आणला तर त्याच्या शिरांची चटणी व्हायलाच हवी. मंगळवारच्या उसळीसाठी वाटलेले कांदा-खोबऱ्याचे वाटण थोडे जास्त करून फ्रीजमध्ये ठेवले, तर बुधवारच्या आमटीला चालते, आणि बाकीच्या दिवशी चिंच-गुळाची आमटी, टोमॅटोचे सार, कढी असा पालट करता येतो. क्रमही महत्त्वाचा आहे. रविवारी आणलेली पालेभाजी सोमवारीच संपवावी, फ्लॉवर बुधवारपर्यंत टिकतो, कोबी गुरुवारपर्यंत निश्चिंत राहतो, आणि शनिवार बेसनावर ठेवला म्हणजे त्या दिवशी ताजी भाजी शिल्लक असण्यावर काहीच अवलंबून राहत नाही.

ए-१०४ (काका): आता जास्तीच्या तीन डब्यांविषयी. वही पाहता ते बहुतेक शुक्रवारी आणि शनिवारी उरले आहेत. लोक बाहेरगावी जातात आणि सकाळी नऊला ‘आज नको’ असे कळवतात, तेव्हा आमटी उकळत असते. आदल्या रात्री आठपर्यंत कळवले तरच पैसे धरू नयेत, असा नियम करावा.

सी-५०१ (वहिनी): नियम योग्य आहे. पण उरलेल्या भाताचा दुसऱ्या दिवशी फोडणीचा भात करता येणार नाही का?

बी-३०२ (डबा देणाऱ्या ताई): वहिनी, ते मी करणार नाही. शिजवलेला भात तासन्‌तास बाहेर राहिला की त्यात जे विष तयार होते ते पुन्हा गरम केल्याने जात नाही, आणि माझा भात डबे भरेपर्यंत ओट्यावरच असतो. घरच्यांपुरताही मी तो वापरत नाही. त्यापेक्षा भात शेवटी आणि मोजून लावीन; डब्यामागे ५० ग्रॅम तांदूळ, आणि एकच डबा जास्तीचा.

काका आणि काकूंच्या आकड्यांवरून मी पुन्हा मांडले. रोजचा भाग २,४००, भाजी १,२००, रोजच्या एका जास्तीच्या डब्याचे आठवड्याला १८०, आणि पडून जाणाऱ्या मालाला ६० रुपये धरले. एकूण ३,८४०, म्हणजे डब्यामागे ३२. वरचे १८ रुपये जाऊन माझ्या हाती ३० रुपये राहतात, म्हणून तूर्त दर ८० च ठेवते. मटार महागले की शुक्रवारी पनीर टोमॅटोच्या रश्श्यात येईल, हे आधीच सांगून ठेवते.

उद्या सोमवार आहे. मेथी-बटाटा, चिंच-गुळाची आमटी आणि काकडीची कोशिंबीर असेल. ज्यांना डबा नको आहे त्यांनी कृपया आज रात्री आठपर्यंत येथेच आपला फ्लॅट क्रमांक लिहावा. मेथी त्यानंतर निवडायला घेईन.

ए-४०१: ताई, उद्या आमचा एक डबा नको, आम्ही गावी जात आहोत. शुक्रवारी मात्र दोन ठेवा.