मदत हवी आहे: छोट्या बातमी संकेतस्थळाचं बजेट, चौथा बातमीदार परवडेल का?

कोरापाट: महिन्याचा एकूण खर्च १०० धरून सांगतो. तीन बातमीदारांचे पगार ७२, होस्टिंग ६, फोटो आणि सॉफ्टवेअर ७, हिशेब आणि वकील १५. जमा अशी: मासिक वर्गणी ३५, जाहिराती सरासरी ४५. शिवाय चार महिन्यांपूर्वी मोहीम केली, त्यात वार्षिक वर्गणीचे २४० एकदम आले. आरोग्य आणि शाळांच्या बातम्यांना माणूसच नाही, म्हणून चौथा बातमीदार पगारावर घ्यायचाय. त्याचे २४ होतील. घ्यावा का?

सर्व्हरवाला: आधी होस्टिंग स्वस्त करा. फोटो हलके करा, कॅशे लावा, खर्च निम्मा होईल.

जुनी_वही: कॅशे जरूर लावा, पण त्यात वाचतील ३, आणि माणसाला लागतात २४. खरा प्रश्न जमेच्या बाजूला आहे. ते २४० बारा महिन्यांच्या बातम्यांचे आहेत, म्हणजे महिन्याला २०. ३५ आणि २० मिळून ५५, हेच तुमचं भरवशाचं उत्पन्न. जाहिरातींची सरासरी धरू नका, वर्षातला सर्वांत पडका महिना धरा. तो किती होता?

कोरापाट: जानेवारी, १८.

जुनी_वही: मग झाले ७३. आहेत ते पगार निघतात, बाकीचे २७ उघडे पडतात. डिसेंबरनंतर जाहिरातींचे दर बहुतेक ठिकाणी उतरतात, त्यामुळे वाचक तेवढेच राहूनही पैसे कमी येतात. आता बँकेत बघा. २४० पैकी १६० शिल्लक हवेत.

कोरापाट: ११० आहेत.

जुनी_वही: म्हणजे पुढच्या बातम्यांचे ५० आधीच खर्च झाले. वार्षिक पैसे वेगळ्या खात्यात ठेवा आणि दरमहा २० च उचला. मोहिमेतल्या सगळ्यांची मुदत एकाच महिन्यात संपेल, हेही ध्यानात असू द्या. तिसरा हिस्सा गळाला तर २० चे १३ होतील.

स्वयंपाकघरातून: माझ्या पाककृतींच्या ब्लॉगवर एक लेख खूप फिरला, तर त्या महिन्यात जाहिराती दुप्पट झाल्या. तुम्हीही तसे लेख वाढवा ना!

जुनी_वही: ताई, पाककृती वर्षभर शोधली जाते, बातमी दोन दिवसांत शिळी होते. आणि डॅशबोर्डवरचा आकडा अंदाजी असतो. संशयास्पद क्लिक वजा होऊन रक्कम पुढच्या महिन्यात हाती येते. थेट घेतलेल्या जाहिरातीचं बिल तर दोन-तीन महिने अडकतं.

कोरापाट: मग आरोग्याच्या बातम्या सोडून द्यायच्या?

जुनी_वही: नको. जाहिराती ४५ वर पोचल्या तर कुठे महिन्याचे १०० भागतात; त्याच्या वर येईल त्यातून आधी ते ५० भरून काढा, मग बातमीमागे मानधन ठरवून कुणाला तरी लिहितं करा. महिना पडका गेला तर बातम्या कमी घ्यायच्या.

फिरता_बातमीदार: मी असं मानधनावर लिहितो. कमी बातम्यांच्या महिन्यात माझं घर चालत नाही, आणि सरकारी दवाखान्यातली माहिती काढायला महिना-महिना जातो. किमान रक्कम बांधून द्या, नाहीतर चांगला माणूस टिकणार नाही.

कोरापाट: किमान ८ बांधले तर? पडक्या महिन्यात तूट ३५ वर जाईल, ती कशातून भरायची ते अजून सुचत नाहीये.